फोनला दिसतं ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय टीव्हीच्या डब्याला का दिसत नाही?

मीनल_गोरेगाव
राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारीच आहे, मध्ये भिंत नाही. माझ्या फोनला दोन्ही नावं दिसतात, साधं २.४ चं आणि शेवटी `5G` लिहिलेलं. टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंगच्या डब्याला मात्र फक्त साधं नाव दिसतं. डब्याच्या खोक्यावर ड्युअल बँड छापलेलं आहे. याच डब्यावर आम्ही `5G` वाल्या नेटवर्कवरून पिक्चर पाहिले आहेत. मध्येच एखाद्या दिवशी ते नाव यादीत येतं, दुपारभर व्यवस्थित चालतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गायब. नेटवाला म्हणतो डबा बदला. डबा खराब असता तर मधूनमधून तरी का चालला असता? कुणाला असा अनुभव आहे का?

विनायक_डोंबिवली
५ गिगाहर्ट्झची रेंज कमी असते हो. राउटर उंचावर ठेवा आणि टीव्हीच्या मागे ठेवू नका, टीव्हीचा पत्रा सिग्नल अडवतो. आमच्याकडे राउटर कपाटावर ठेवल्यावर लगेच फरक पडला.

मीनल_गोरेगाव
विनायकदादा, डबा हातात धरून राउटरला टेकवून पाहिला, तरीही यादीत नाव नाही. त्याच वेळी स्वयंपाकघरात फोनला ते व्यवस्थित दिसत होतं.

कुंदा_मावशी
माझ्याही फोनवर वर 5G येतं आणि लिफ्टमध्ये गेलं की 4G होतं. कंपनीचा टॉवर लांब असेल तर असं होतं असं आमच्या दुकानदाराने सांगितलं. तुमचं सिम बदलून बघितलंत का?

सई_माहीम
मावशी, ते मोबाइलचं 5G. इथे घरातल्या वायफायच्या ५ गिगाहर्ट्झबद्दल चाललंय. नावं सारखी दिसतात, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. सिमला हात लावू नका.

तरंग_मुलुंड
मीनलताई, डबा बहुतेक ठणठणीत आहे. मी ऑफिसांमधली वायफायची कामं करतो, ही तक्रार महिन्यातून एकदा तरी येतेच. काही बदलण्याआधी एक करा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप टाका आणि तुमच्या `5G` नावापुढे चॅनेलचा आकडा किती आहे ते बघा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकलं तरी चालेल:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

डब्याला नाव दिसत नसेल तेव्हाचा आकडा लिहून ठेवा आणि ज्या दिवशी दिसेल त्या दिवशीचा वेगळा लिहा. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल `Auto` वर आहे का तेही सांगा.

विनायक_डोंबिवली
चॅनेलचा काय संबंध? ड्युअल बँड म्हणजे ५ चे सगळे चॅनेल आलेच की.

तरंग_मुलुंड
खरी अडचण तिथेच आहे. सगळे येत नाहीत. आकडे येऊ द्या, मग सविस्तर लिहितो.

मीनल_गोरेगाव
आत्ता डब्याला दिसत नाहीये. फोनवर चॅनेल ११६, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. राउटरमध्ये चॅनेल `Auto`, रुंदीही `Auto`.

(दोन दिवसांनी) आज दुपारी डब्याच्या यादीत नाव आलं! लगेच फोनवर बघितलं, चॅनेल ३६. राउटरला कुणी हात लावला नव्हता.

तरंग_मुलुंड
मग उत्तर तुमच्या दोन आकड्यांतच आहे.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा एकसंध नाही. खालच्या टोकाला ३६, ४०, ४४, ४८ हे चार चॅनेल, वरच्या टोकाला १४९ ते १६५. या दोन्ही टोकांना वायफायला फारशी अट नाही. मधला मोठा भाग, म्हणजे ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, रडारवाले आधीपासून वापरतात. हवामानाची रडार, जहाजांची, लष्कराची. तिथे वायफायला पाहुण्यासारखं राहावं लागतं. राउटरने तिथे बोलण्याआधी निदान एक मिनिट गप्प बसून रडारचे स्पंद येतात का ते ऐकायचं. पुढे कधीही स्पंद ऐकू आले तर दहा सेकंदांत तो चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात.

राउटरचं हे झालं. फोन, लॅपटॉप, डबा यांना रडार ओळखण्याची सक्ती नसते, पण या मधल्या चॅनेलवर त्यांनी आपणहून ‘कोणी आहे का?’ अशी हाक मारायची नसते. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत सोडतो, ते ऐकू येईपर्यंत नुसतं थांबायचं. त्यासाठी प्रत्येक चॅनेलवर जास्त वेळ घालवावा लागतो, शिवाय प्रत्येक देशाच्या नियमांप्रमाणे चाचण्या करून घ्याव्या लागतात. स्वस्त डबे, डोंगल, प्रोजेक्टर बनवणारे हा व्याप टाळतात. एकच सॉफ्टवेअर जगभर चालावं म्हणून मधले चॅनेल सरसकट बंद करून टाकतात. खोक्यावर ड्युअल बँड छापलेलं खोटं नसतं, पण त्यात फक्त दोन टोकं असतात.

म्हणून राउटर ११६ वर गेला की डब्याला तो दिसत नाही आणि ३६ वर आला की दिसतो. सिग्नल कमी पडत नाही, डबा त्या चॅनेलवर कान देतच नाही. राउटरला टेकवूनही का दिसलं नाही ते आता लक्षात येईल.

सई_माहीम
पण राउटर आपणहून ३६ वर का आला?

तरंग_मुलुंड
छान प्रश्न. दोन शक्यता आहेत. `Auto` वरचे बरेच राउटर ठरावीक वेळाने किंवा रात्री आजूबाजूची गर्दी मोजून चॅनेल बदलतात. सोसायटीत ३६ आणि १४९ वर सगळे दाटलेले असतात, ११६ रिकामा दिसतो, मग राउटर तिकडे जातो. तुमचं नाव सकाळी गायब होण्याचं कारण बहुधा हेच. दुपारी उलटं झालं, म्हणजे ११६ वर असताना त्याला रडारसारखं काहीतरी ऐकू आलं असावं आणि तो ३६ वर पळाला. तसं असेल तर तुमचा डबा ज्या दिवशी चालला त्याचं श्रेय रडारला.

जुना_कुलाबेकर
मुंबईत हवामान खात्याचं रडार कुलाब्याला आहे. गोरेगावपर्यंत त्याचा त्रास पोचणार नाही.

प्रज्ञा_विक्रोळी
कुलाब्याचं एस बँडचं आहे, ते ५ गिगाहर्ट्झच्या खूप खाली चालतं. त्याचा या गोष्टीशी संबंधच नाही. पण दुसरं आहे ना, जोगेश्वरी-अंधेरी पूर्वेला वेरावलीच्या टेकडीवर. २०२२ मध्ये सुरू झालं, ते सी बँडचं आहे. हवामानाची सी बँड रडार साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. गोरेगावपासून ते हाकेच्या अंतरावर आहे.

तरंग_मुलुंड
प्रज्ञाताई, तुम्ही नेमका मुद्दा पकडलात. अजून एक गोष्ट जोडतो. हवामानाच्या रडारसाठी महत्त्वाचा भाग ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ, म्हणजे चॅनेल १२०, १२४, १२८. मीनलताईंचा राउटर ११६ वर आहे असं अ‍ॅप दाखवतं, पण रुंदी ८० असल्यामुळे तो प्रत्यक्षात ११६ ते १२८ हे चारही चॅनेल व्यापतो, ५५७० ते ५६५० मेगाहर्ट्झ. आकडा ११६ दिसला तरी राउटर रडारच्या भागात पाय ठेवूनच असतो. १०० वर १६० रुंदी ठेवली तरी तेच, ती थेट १२८ पर्यंत जाते. युरोपच्या नियमांवर चालणारे राउटर या तीन चॅनेलवर एक मिनिट नाही तर दहा मिनिटं गप्प बसतात. राउटर चालू केल्यावर `5G` नाव दहा मिनिटांनी येत असेल तर हे तपासा.

जुना_कुलाबेकर
वेरावलीचं माझ्या लक्षात नव्हतं. पण मग पावसाळ्यातच त्रास व्हायला हवा. रडार ढग बघायला असतं.

प्रज्ञा_विक्रोळी
नाही काका, हवामानाची रडार बारा महिने फिरत असतात. कोरड्या आकाशातही स्पंद सोडतच असतात. पावसाळ्यात आपण त्यांची चित्रं जास्त बघतो एवढंच.

राजेश_लाइनमन
मी नेट बसवायचं काम करतो, म्हणून बोलतो. आम्ही डबा बदला म्हणतो कारण कंपनीने दिलेल्या कित्येक राउटरच्या पेजवर चॅनेल बदलायची सोय ग्राहकालाही नसते आणि आम्हालाही नसते. ती कंपनीकडून लांबूनच बदलावी लागते. ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार नोंदवली तर स्पीड तपासून तक्रार बंद होते. त्याऐवजी थेट सांगा, ‘५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६ ते ४८ मध्ये कायमचा ठेवून द्या’. वाक्य जसंच्या तसं सांगा, बहुतेक वेळा काम होतं.

सई_माहीम
राजेशभाऊ, हे फार कामाचं सांगितलंत. धन्यवाद.

विनायक_डोंबिवली
मग सरळ १४९ वर टाका ना. माझ्याकडे १४९ वरच आहे, सिग्नलही जास्त येतो.

तरंग_मुलुंड
विनायकदादा, तुमच्याकडे सिग्नल जास्त येत असेल. पण १४९ प्रत्येक उपकरणाला दिसेलच असं नाही. ते उपकरण कुठल्या देशासाठी बनलंय त्यावर ठरतं.

आशुतोष_बोरिवली
अगदी बरोबर! माझी तक्रार नेमकी उलटी आहे. भावाने जपानमधून गेमिंगची एक मशीन पाठवली. घरातल्या सगळ्या वस्तूंना १४९ दिसतो, ती सोडून. आणि हॉटस्पॉट १०० च्या आसपास असला की तिला लगेच दिसतो. मला वाटायचं मशीन बिघडली.

तरंग_मुलुंड
खोक्यावर W52, W53, W56 असं छापलेलं आहे का बघा. जपानमध्ये १४९ ते १६५ वायफायला दिलेलेच नाहीत. W52 म्हणजे ३६ ते ४८, W53 म्हणजे ५२ ते ६४, W56 म्हणजे १०० पासूनचा मधला पट्टा. तुमची मशीन तिकडच्या नियमांप्रमाणे शहाणी आहे. मधले चॅनेल तिला कळतात, वरचे कळत नाहीत. मीनलताईंच्या डब्याला मधले कळत नाहीत, वरचे कदाचित कळतील. दोघांनाही चालेल असा भाग एकच, ३६ ते ४८.

आशुतोष_बोरिवली
खोक्यावर तेच छापलंय, आत्ता बघितलं. W52/W53/W56. आजवर त्याचा अर्थ कुणालाच सांगता आला नव्हता. राउटर ४४ वर टाकला, मशीनला दिसलं.

धनंजय_पनवेल
माझ्याकडे कंपनीचा २०१५-१६ चा लॅपटॉप आहे. ३६ दिसतो, १४९ दिसतो, पण १०० ते १४० मधलं काहीच दिसत नाही. लॅपटॉप भारतातच घेतलेला. यात परदेशाचा काय संबंध?

तरंग_मुलुंड
यात परदेशाचा नाही, वर्षाचा संबंध असू शकतो. आपल्याकडे २००५ मध्ये ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ हे पट्टे घरातल्या वापरासाठी परवान्याविना खुले झाले. ५४७० ते ५७२५, म्हणजे १०० पासूनचे चॅनेल, ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत आले. त्याआधी भारतासाठी तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते बंद असणं साहजिक आहे. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकून बघा. कधी उघडतात, कधी कार्डातच कायमचं लिहिलेलं असतं. लिनक्स असेल तर हे दोन बघा:

```
iw reg get
iw list | grep MHz
```

दुसऱ्यात अशा ओळी येतात:

```
* 5180 MHz [36] (20.0 dBm)
* 5260 MHz [52] (20.0 dBm) (no IR, radar detection)
* 5580 MHz [116] (disabled)
```

`no IR` म्हणजे आपणहून हाक मारायची नाही. `disabled` असेल तर कार्ड तिकडे ऐकणारच नाही, मग अँटेना कितीही चांगली लावा.

धनंजय_पनवेल
लिनक्सच आहे. १०० पासून १४० पर्यंत सगळीकडे `disabled`. पहिल्या कमांडमध्ये `country 00` दिसतंय.

तरंग_मुलुंड
00 म्हणजे कार्डाला आपण कुठल्या देशात आहोत तेच ठाऊक नाही. अशा वेळी ते सावधपणाचे जागतिक नियम धरतं. देश IN दिल्यावर फरक पडतो का बघा:

```
sudo iw reg set IN
```

पडला नाही तर कार्डाच्या आतच जुनं काहीतरी लिहिलेलं आहे असं समजा.

अमेय_चेंबूर
इतका त्रास कशाला? राउटरमध्ये देश अमेरिका करा, सगळं उघडतं. मी सगळ्यांना हेच करून देतो.

प्रज्ञा_विक्रोळी
कृपा करून हे करू नका. देश बदलला तर बदलतो तो राउटर. डब्यात जे चॅनेल बंद आहेत ते बंदच राहतात, त्यामुळे मीनलताईंचा प्रश्न सुटणार नाही. शेजाऱ्यांना मात्र त्रास होऊ शकतो. राउटर आपल्या नावाबरोबर देशाचा कोडही हवेत सोडतो आणि काही लॅपटॉप आजूबाजूला ऐकू आलेल्या कोडवरून आपला देश ठरवतात. आमच्या मजल्यावर एकाने बाहेरून आणलेला राउटर लावला होता. तो चालू असेपर्यंत माझ्या लॅपटॉपची ५ गिगाहर्ट्झची यादी बदलायची.

अमेय_चेंबूर
शेजाऱ्याच्या राउटरने माझा लॅपटॉप देश बदलेल हे पटत नाही. माझ्या बिल्डिंगमध्ये असं कधी झालेलं नाही.

प्रज्ञा_विक्रोळी
सगळ्या कार्डांत होत नाही, काहींतच होतं. तुमच्याकडे झालं नसेल. मॅक असेल तर त्यातल्या वायरलेस डायग्नॉस्टिक्समध्ये देशाचे कोड एकमेकांशी जुळत नसल्याची सूचना मिळू शकते.

तरंग_मुलुंड
अमेयभाऊ, शिवाय नियम हे रडार जपण्यासाठी आहेत. वेरावलीच्या चित्रात वायफायच्या रेघा आल्या तर पावसाचा अंदाज बघणाऱ्यालाच अडचण. इथे मी प्रज्ञाताईंच्या बाजूने आहे.

सई_माहीम
एक विचारायचं होतं. आमच्या नेटवर्कचं नाव लपवलेलं आहे, म्हणजे यादीत दिसत नाही, हाताने टाकावं लागतं. ते काही उपकरणांना कधी जोडलं जातं, कधी नाही. हाच प्रकार असेल का?

तरंग_मुलुंड
असू शकतो. लपवलेल्या नावाला उपकरणाने स्वतः नाव घेऊन हाक मारायची असते. मधल्या चॅनेलवर ती हाक मारायचीच नाही असा नियम, त्यामुळे दोघंही गप्प. नाव उघडं ठेवा, सुरक्षा पासवर्डने होते, लपवण्याने नाही.

मीनल_गोरेगाव
तरंगदादांचं वाचून राउटरमध्ये चॅनेल ४४ केला आणि रुंदी ८० ठेवली. सेव्ह केल्यावर लगेच डब्याच्या यादीत नाव आलं आणि आठवडाभर सकाळीसुद्धा तिथेच आहे. आणखी एक सापडलं. राउटरच्या लॉगमध्ये मागच्या आठवड्याच्या एका दुपारी `radar detected` अशी ओळ आहे, पुढे चॅनेल १२४ लिहिलंय. म्हणजे ते वेरावलीचंच ना?

तरंग_मुलुंड
१२४ म्हणजे ५६२० मेगाहर्ट्झ, आकडा पटण्यासारखा आहे. तरी खात्रीने हो म्हणणार नाही. राउटर स्पंदांची ठेवण बघून रडार ठरवतो आणि कधीकधी शेजारच्या वायफायच्या किंवा एखाद्या बिघडलेल्या यंत्राच्या खडखडाटालाही रडार समजतो. ताडून बघायचं असेल तर रुंदी ८० ठेवून काही दिवस चॅनेल १०० वर टाका. तो १०० ते ११२ एवढाच व्यापतो, ५५७० च्या वर जात नाही. तिथेही रडारच्या ओळी आल्या तर ते वेरावली नसून दुसरंच काहीतरी आहे. आल्या नाहीत आणि ११६ वर परत आल्या, तर वेरावलीचा संशय वाढतो.

जुना_कुलाबेकर
पण त्या दिवसांत डबा बंद राहील त्याचं काय?

मीनल_गोरेगाव
काका, सुट्टीत आम्ही गावाला जाणार आहोत, तेव्हा राउटर १०० वर ठेवून जाईन. आल्यावर लॉग इथे टाकते.

आशुतोष_बोरिवली
माझंही विचारून घेतो. ४४ वर मशीन चालते, पण संध्याकाळी आमच्या विंगमध्ये ३६ ते ४८ वर इतके राउटर आहेत की खेळताना अडकतं. W53 म्हणजे ५२ ते ६४ वर टाकू का?

तरंग_मुलुंड
घरात मधल्या चॅनेलला घाबरणारं दुसरं काही नसेल तर टाका, मशीनला चालेल. राउटर बंद-चालू केल्यावर एक मिनिट नाव दिसणार नाही, तेवढा धीर धरा. रुंदी ८० च ठेवा. १६० केली तर तो ३६ पासून ६४ पर्यंत पसरेल आणि ज्या गर्दीतून बाहेर पडायचंय तिच्यातच परत जाईल.

आशुतोष_बोरिवली
टीव्ही २.४ वर आहे, फोन नवे आहेत. आज रात्री ५२ वर टाकून बघतो.